एका उणे चिन्हाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

> "तुमच्या लेखात (x² + y²) dx = 2xy dy हे समीकरण y = vx ठेवून सोडवले आहे आणि उत्तर x² − y² = Cx असे दिले आहे. हे साफ चूक आहे. M चे y-सापेक्ष अवकलन 2y, N चे x-सापेक्ष अवकलन 2y, म्हणजे समीकरण एक्झॅक्ट आहे आणि उत्तर x³ + 3xy² = C येते. शिवाय 'समीकरणाकडे नीट पाहा' एवढे सांगून मुलांना काय कळणार? कोणत्या प्रकाराला कोणती रीत याचा सरळ तक्ता द्या, मुले पाठ करतील. मी कुडाळला वीस वर्षे क्लास घेतो."

सर, सप्रेम नमस्कार.

आपल्या दोन आक्षेपांपैकी दुसरा मला बऱ्याच अंशी मान्य आहे. पहिला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे आधी सांगतो, कारण दुसऱ्याचे उत्तरही त्यातूनच निघते.

दोन उत्तरांपैकी बरोबर कोणते, हे ठरवण्यासाठी कोणतीच रीत लागत नाही. प्रतलावरचा एक बिंदू घ्यावा, समजा (1, 2). मूळ समीकरणावरून तिथला dy/dx थेट मिळतो: (1 + 4) भागिले 2·1·2, म्हणजे 5/4. आता माझ्या उत्तरात हा बिंदू घातला तर 1 − 4 = C, म्हणजे C = −3, आणि वक्र येतो y² = x² + 3x. त्याचे अवकलन केले की 2y·y′ = 2x + 3, म्हणून (1, 2) पाशी 4y′ = 5, म्हणजे पुन्हा 5/4. आपल्या उत्तरातून याच बिंदूतून जाणारा वक्र x³ + 3xy² = 13 हा आहे. त्याचे अवकलन 3x² + 3y² + 6xy·y′ = 0, म्हणजे 15 + 12y′ = 0, आणि चढ येतो −5/4. आकडा तोच, पण चिन्ह उलटे. इतकी नेमकी उलटापालट दिसली की चूक समाकलनात नसून त्याच्या आधी, समीकरण मांडतानाच झालेली असते.

एक्झॅक्टपणाची कसोटी M dx + N dy = 0 या मांडणीसाठी आहे. आपण समीकरण (x² + y²) dx = 2xy dy असेच ठेवून उजवीकडचे 2xy हेच N धरलेले दिसते. सगळे एका बाजूला आणले की N = −2xy होते, मग M चा y-सापेक्ष आंशिक अवकलज 2y आणि N चा x-सापेक्ष −2y, आणि कसोटी फसते. आपण जे सोडवले ते (x² + y²) dx + 2xy dy = 0 हे वेगळेच समीकरण आहे. ते खरोखर एक्झॅक्ट आहे आणि त्याचे आपण दिलेले उत्तरही अगदी बरोबर आहे.

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यावर हसण्याचा मला अधिकार नाही. गेल्या आषाढात रत्नागिरीत माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीच्या वहीत हेच समीकरण हेच उत्तर घेऊन बसले होते. पावसाळी हवेने वहीचे पान सर्द झाले होते, शाई फुटली होती, आणि पहिल्या ओळीतले उणे चिन्ह बरोबरीच्या चिन्हात मिसळून गेले होते. दुसऱ्या ओळीपासून पुढचे सगळे गणित तिने निर्दोष केले होते. मी ते तपासताना आधी "छान" असा शेरा लिहिला आणि वर दिलेला (1, 2) चा ताळा करून पाहिल्यावर तो खोडला.

आता गंमत अशी की आपल्याला एक्झॅक्टच्याच वाटेने जायचे असेल तर तीही मोकळी आहे, फक्त एक पायरी जास्त लागते. दोन आंशिक अवकलजांची वजाबाकी 2y − (−2y) = 4y येते. तिला N ने, म्हणजे −2xy ने भागले की −2/x उरते. यात y नाही, केवळ x आहे, म्हणून इंटिग्रेटिंग फॅक्टर x^(−2) आहे. सगळे समीकरण x² ने भागले की (1 + y²/x²) dx − (2y/x) dy = 0 मिळते. यात दोन्ही आंशिक अवकलज 2y/x² आहेत, आणि समाकलन केल्यावर x − y²/x = C, म्हणजेच x² − y² = Cx. लेखात y = vx ने आलेले उत्तर हेच होते.

दुसरा आक्षेप. "नीट पाहा" असे लिहून काय पाहायचे ते न सांगणे ही माझी चूक होती. याच समीकरणावर ते सांगतो. मी आधी y कोणकोणत्या रूपांत आला आहे ते पाहतो. इथे तो दोनच रूपांत आहे: एकदा y² म्हणून आणि एकदा y dy म्हणून. y dy हे y² च्या अवकलाचे निम्मे असते. म्हणजे या समीकरणाला y शी काही देणेघेणे नाही, त्याला y² शी आहे, आणि म्हणून u = y² हीच त्याची स्वाभाविक आदेशना आहे. 2xy·y′ = x² + y² ला x ने भागले तर 2y·y′ − y²/x = x, म्हणजे u′ − u/x = x. हे रेषीय समीकरण झाले. त्याला 1/x ने गुणले की डावी बाजू u/x या भागाकाराचा अवकलज होते, उजवीकडे 1 उरतो, म्हणून u/x = x + k आणि y² = x² + kx. अचर k च्या जागी −C लिहिला की पुन्हा तेच उत्तर.

हे बर्नोलीचे समीकरण आहे, पण मुलांना ते तसे दिसत नाही, कारण त्यांच्या मनात y′ + P·y = Q·yⁿ हा साचा n = 2 किंवा 3 घेऊनच बसलेला असतो. इथे n = −1 आहे. y छेदात गेला की साचा ओळखू येत नाही, मात्र 1 − n = 2 हा घातांक y² च्या रूपाने डोळ्यांसमोरच असतो. याकोब बर्नोलीने हा प्रकार १६९५ मध्ये प्रश्न म्हणून मांडला आणि पुढच्याच वर्षी लायब्निझने या आदेशनेने तो रेषीय करता येतो हे दाखवले. पाठ करायचीच असेल तर n ची यादी नको, "y चा कोणता घात आपल्या अवकलासह हजर आहे" हा प्रश्न पाठ करावा.

आता तक्त्याबद्दल. तक्त्याला माझा विरोध नाही, पण हे एकच समीकरण तक्त्याच्या तीन ओळींत बसते: समघाती, बर्नोली आणि इंटिग्रेटिंग फॅक्टरने एक्झॅक्ट होणारे. धोपाव्याहून दाभोळला जायला फेरीबोट आहे आणि चिपळूणमार्गे वळसाही आहे. कुठली वाट धरायची हे दोन्ही ठिकाणांची नावे पाठ असून कळत नाही, त्या दिवशी काय चालू आहे ते पाहावे लागते. समीकरणात काय चालू आहे हे थोडा बदल करून पाहिले की नीट दिसते.

पहिला बदल. पहिल्या कंसात केवळ x मिळवा: (x² + y² + x) dx = 2xy dy. नवे पद एक घाताचे आहे, बाकीची दोन घातांची, म्हणून समघातीपणा गेला. y = vx ठेवले तर x आणि v वेगळे होत नाहीत आणि विद्यार्थी अर्धे पान लिहून अडकतो. पण y अजूनही y² आणि y dy याच रूपांत आहे, तेव्हा u = y² ला काहीच फरक पडत नाही: u′ − u/x = x + 1, म्हणून u/x चा अवकलज 1 + 1/x, आणि y² = x² + x ln|x| + kx.

दुसरा बदल उलट दिशेचा. (x² + xy + y²) dx = x² dy घ्या. y′ काढला तर त्यात y चे शून्य, एक आणि दोन असे तीन घात दिसतात. बर्नोलीच्या साच्यात y′ सोडून y चे दोनच घात बसतात, आणि त्यातला एक पहिला असावा लागतो. म्हणून इथे तो साचा लागू होत नाही, आणि एका घाताला धरून आदेशना करण्यात अर्थ उरत नाही. पण प्रत्येक पद दोन घातांचे आहे. y = vx ठेवले की v + x·v′ = 1 + v + v², दोन्हीकडचा v जातो, x·v′ = 1 + v² उरते, आणि y = x tan(ln|x| + C) मिळते. चार ओळींत काम संपते.

म्हणून मी वर्गात पायऱ्यांचा क्रम असा ठेवतो, आणि यात आपल्या मताला जागा आहे: सगळे एका बाजूला आणल्यावर पहिली कसोटी एक्झॅक्टचीच करावी, कारण तिला दोन अवकलजांपेक्षा जास्त काही लागत नाही आणि ती लागली तर आदेशनेची गरजच राहत नाही. ती फसली तर y कोणत्या रूपांत आला आहे ते पाहावे, आणि मग पदांचे घात मोजावेत. घात मोजणे सर्वांत सोपे म्हणून मुले ते आधी करतात. ते चूक नाही, पण y = vx नंतर पुष्कळदा अवघड समाकलन वाट्याला येते आणि त्याची कल्पना आधी नसते.

y = vx च्या वाटेवर आणखी एक गोष्ट हरवते आणि ती मी लेखात लिहिली नव्हती. आपल्या समीकरणात x·v′ = (1 − v²)/(2v) येते, आणि चले वेगळी करताना 1 − v² ने भागावे लागते. म्हणजे v = 1 आणि v = −1, अर्थात y = x आणि y = −x या दोन रेषा त्या क्षणी बाजूला पडतात. त्या दोन्ही समीकरणाच्या उकली आहेत. शेवटच्या उत्तरात C = 0 घेतला की त्या परत मिळतात, पण परीक्षेत "C शून्येतर" असे लिहिले की त्या गेल्याच. बर्नोलीच्या वाटेने गेल्यास हा प्रश्न उद्भवत नाही, k = 0 ठेवला की त्या आपोआप येतात.

आणि एक मर्यादा दोन्ही वाटांना सारखीच आहे. x² − y² = Cx हे सगळे वक्र (0, 0) मधून जातात. तिथे M आणि N दोन्ही शून्य असल्याने समीकरण चढाबद्दल काहीच सांगत नाही, आणि आपण तर x ने भागलेलेही आहे. म्हणून (1, 2) मधून जाणारी उकल y = √(x² + 3x) ही x > 0 एवढ्यावरच लिहावी. x ≤ −3 साठीही वर्गमुळाखालची राशी ऋण नसते हे खरे, पण वक्राची ती वेगळी शाखा आहे, आपल्या बिंदूपासून निघून तिथे पोहोचता येत नाही. मूळ लेखात ही अट आणि त्या दोन रेषा आज घातल्या आहेत, आणि "नीट पाहा" हे वाक्य काढून त्या जागी y² आणि y dy चा परिच्छेद टाकला आहे.