आइस मेकरचा बर्फ पोकळ येतोय? फ्रीझर अजून थंड करू नका

"आइस मेकर बारीक पोकळ क्यूब देतोय किंवा बर्फच बंद झालाय म्हणजे फ्रीझर पुरेसा थंड नाही. टेम्परेचर एकदम खाली करा. पाइप गोठला असेल तर गरम पाण्याने मोकळा करा, बास. तरी नाही झालं तर आइस मेकर गेला समजा, नवा बसवा."

असा सल्ला मिळतो. त्यातलं टेम्परेचरचं आधी. उणे १८ ला फ्रीझर असेल तर थंडी पुरेशी आहे. नळाच्या लाइनला जोडलेल्या आइस मेकरमध्ये पाणी सोडणारा इनलेट व्हॉल्व ठराविक सेकंदच उघडतो, साधारण सात-आठ, तेवढ्यात जे येईल ते पाणी. प्रेशर कमी असलं की साचा अर्धाच भरतो, थोडं पाणी असल्याने साचा लवकर गार होतो, सेन्सरला वाटतं बर्फ झाला आणि क्यूब मधे पक्का व्हायच्या आत बाहेर ढकलला जातो. थंडी वाढवून हे सुधारत नाही, उलट साच्यात पाणी सोडणारा मागचा पाइप गोठायला मदतच होते.

आता पाइप. गरम पाण्याने तो मोकळा होतो हे खरं (फ्रीजचा प्लग काढूनच करा, आणि स्क्रूड्रायव्हरने टोचू नका), पण तो गोठला का हे कोणी विचारतच नाही. हा व्हॉल्व घट्ट बंद होतो तो आतल्या रबरी पडद्यावर पाण्याचा जोर पडून. जोर नसेल तर तो नीट बसत नाही, थेंब थेंब गळत राहतो, आणि तेच थेंब पाइपच्या तोंडाशी गोठत गोठत बूच तयार होतं. म्हणजे आधी पोकळ क्यूब आणि मग बर्फच बंद, दोन्हीचं मूळ बऱ्याचदा एकच असतं. नुसता पाइप मोकळा केलात तर काही दिवसांनी परत तेच.

आपल्याकडे हे सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. टेरेसवरच्या टाकीतलं पाणी फ्रीजपेक्षा चार मीटर उंच असेल तर प्रेशर मिळतं जेमतेम सहा पीएसआय, आणि बहुतेक कंपन्या किमान २० मागतात, त्यासाठी टाकी जवळपास चौदा मीटर वर हवी. त्यात लाइन आरओमधून घेतली असेल तर अजून कमी.

तपासायचं कसं? दारातल्या डिस्पेन्सरखाली कप धरा, दहा सेकंदात साधारण पाऊण कप यायला हवं. कमी आलं तर फ्रीजचा वॉटर फिल्टर काढून त्या जागी पाणी थेट जाऊ देणारा बायपास प्लग लावा आणि परत मोजा. आता भरभर आलं तर फिल्टर चोक झालाय, तेवढाच बदला. फरक नाही पडला तर मागचा छोटा कॉक पूर्ण उघडा आहे का, नळाकडून येणारा पाइप फ्रीजमागे दबलाय का बघा, तेही ठीक असेल तर लाइनवर छोटा बूस्टर पंप.

नवा आइस मेकर आणून काय होणार, पाणी तर त्याच लाइनमधून येणार. प्रेशर चांगलं असूनही, साचा भरून झाल्यावर पाइपमधून थेंब पडतच असतील तर फ्रीजच्या मागे खाली असलेला इनलेट व्हॉल्व बदला, आइस मेकर नाही.