‘मोठ्यांना काही होत नाही’ इथपर्यंत ठीक, त्याच्या पुढचं चूक

“झिकाला घाबरू नका!! साधा व्हायरल आहे, मोठ्या माणसाला दोन-चार दिवस ताप, बस. आईला काही होत नाही तर पोटातल्या बाळाला काय होणार? ताप-पुरळ नसेल तर टेस्टची गरज नाही. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नॉर्मल आली की टेन्शन संपलं. ब्राझीलमध्ये बाळांची डोकी लहान झाली ती डासांच्या औषधामुळे, म्हणून पाण्याच्या टाकीत औषध टाकू देऊ नका. सगळ्या ग्रुपमध्ये पाठवा.”

पावसाळा लागला की हा मेसेज घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधून फिरायला लागतो. मी ठाण्यात सोनोग्राफी करते, त्यातही जास्त करून गरोदर बायकांची, त्यामुळे तो माझ्यापर्यंत येतोच. कधी नवरा मोबाइल पुढे करतो, कधी सासूबाई. त्याची सुरुवात बरीचशी खरी आहे, आणि म्हणूनच पुढचं सगळं खपून जातं.

झिकाची लागण झालेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. ढोबळ अंदाज असा की पाचातल्या एखाद्यालाच त्रास होतो: बारीक ताप, अंगावर खाजरं पुरळ, लाल डोळे, सांधेदुखी. आठवड्याच्या आत ते ओसरतं. डास चावल्यावर विषाणू आधी त्वचेतल्या पेशींत वाढतो आणि मग रक्तात उतरतो. तिथे शरीर इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडून त्याची वाढ रोखतं, आणि आठवडाभरात प्रतिपिंडं तयार होऊन रक्त बहुतेकदा साफ होतं. क्वचित, हजारो लागणींत एखाद्याला, नंतर गिया-बारे हा मज्जातंतूंचा आजार होऊन हातपाय लुळे पडतात. म्हणजे ‘काहीच नाही’ असंही नाही, पण बहुसंख्य मोठ्यांसाठी मेसेजचं म्हणणं चालून जाईल.

आता पोटातल्या बाळाकडे येऊ. मोठ्या माणसाचा मेंदू सुटतो याचं एक मोठं कारण प्रतिकारशक्तीइतकंच मेंदूच्या वयातही आहे. झिकाला मेंदूतल्या सगळ्या पेशी सारख्या आवडत नाहीत. त्याला हव्या असतात विभागून नवे न्यूरॉन तयार करणाऱ्या मूळ पेशी, आणि मोठ्या माणसाच्या मेंदूत त्या अगदी थोड्या उरलेल्या असतात. गर्भात दुसऱ्या महिन्यापासून साधारण सहाव्या महिन्यापर्यंत मेंदूचा बाह्यभाग घडतो तो याच पेशींतून. त्यांचं नाव रेडियल ग्लिया. मेंदूच्या आतल्या पोकळीलगत त्यांचं मूळ असतं आणि तिथून एक लांब धागा थेट बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत गेलेला असतो. नवा न्यूरॉन जन्मला की याच धाग्यावरून चढत आपल्या थरात जाऊन बसतो. इमारतीच्या बांधकामाला परांची लागते तसंच हे. फरक इतकाच की इथे विटाही परांचीच पुरवते. बांधून झालेल्या इमारतीत ती नसते, म्हणून तिच्यावर हल्ला करणाऱ्याला तिथे फारसं काही सापडत नाही. अर्धवट बांधकामात मात्र सगळंच कोसळतं.

विषाणू या पेशींत शिरला की त्यांचं विभाजन अडतं. काही मरतात, काही पुरेशा वेळा विभागण्याआधीच घाईने न्यूरॉन होऊन बसतात आणि पुढचा साठा संपतो. तिसऱ्या महिन्यात एक मूळ पेशी गेली तर तिच्यापासून पुढे होणारे सगळे न्यूरॉन गेले, म्हणून नुकसान लागणीच्या मानाने कितीतरी मोठं दिसतं. मेंदू वाढला नाही की कवटीही वाढत नाही, कारण आतून मेंदूचा रेटा असतो म्हणूनच ती वाढत असते. गंभीर बाळांत कवटीची हाडं एकमेकांवर चढतात आणि डोक्याच्या कातडीला वळ्या पडतात. त्वचा आधीच्या मापाची असते, आतला मेंदू आक्रसलेला असतो. मेलेल्या पेशींच्या जागी चुन्याचे ठिपके साठतात, झिकात ते बहुधा मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर.

‘आईला काही नाही तर बाळाला कसं’ यात आणखी एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे आईचं संरक्षण बाळालाही मिळतं. शेवटच्या महिन्यांत ते बऱ्याच अंशी खरं असतं. पण पहिल्या तिमाहीत आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे फारच थोडी जातात, आणि बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून उभी राहिलेली नसते. वारेचा बाहेरचा थर पुढे विषाणूला चांगला अडवतो. तरी लागण आत पोहोचलीच, तर वारेतल्या बाळाच्या बाजूच्या भक्षक पेशी विषाणूला मारायच्या ऐवजी त्याला आसरा देतात. आईच्या रक्तातून विषाणू गेला तरी पलीकडे तो आठवडेच्या आठवडे टिकू शकतो.

म्हणून ताप-पुरळावर भरवसा ठेवता येत नाही. अमेरिकेतल्या गरोदर बायकांच्या नोंदींतून २०१७ मध्ये जे पहिले आकडे आले, त्यात झिकाची लागण झाल्याचा पुरावा असलेल्या बायकांपैकी लक्षणं असणाऱ्यांत आणि नसणाऱ्यांत बाधित गर्भांचं प्रमाण सारखंच निघालं, दोन्हीकडे सुमारे ६ टक्के. पहिल्या तिमाहीत लागण झालेल्यांत ते ११ टक्क्यांच्या आसपास होतं. हाच आकडा उलट बाजूने वाचला तर पहिल्या तिमाहीतल्या लागणीतही दहापैकी जवळपास नऊ बाळांत जन्माच्या वेळी दोष आढळला नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून त्याच दिवशी गर्भपाताची चौकशी करायला येणाऱ्या जोडप्यांना मी हे आधी सांगते.

टेस्टही वेळेत झाली तरच उपयोगाची. रक्तातली आरटी-पीसीआर पहिल्या आठवड्याभरात करावी, लघवीतली साधारण दोन आठवड्यांपर्यंत चालते. त्यानंतर प्रतिपिंडांची तपासणी उरते आणि ती डेंग्यूशी गल्लत करते, कारण दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले. आपल्याकडे डेंग्यू होऊन गेलेले लोक इतके आहेत की त्या रिपोर्टवरून ठाम काही सांगणं अवघड. २०२४ मध्ये पुण्यात साथ आली तेव्हा गरोदर बायकांचे नमुने मुद्दाम पाठवले गेले, त्यामुळे रुग्णांत त्या इतक्या दिसल्या. ज्यांना काहीच त्रास नव्हता अशाही त्यात सापडल्या. कोणी शोधलंच नसतं तर त्या कुठल्याच यादीत आल्या नसत्या.

मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य माझ्या मते पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचं आहे. एक नोंदलेली केस पाहा. २५ वर्षांची एक युरोपियन बाई ब्राझीलच्या नाताल शहरात राहत होती. २०१५ मध्ये गरोदरपणाच्या १३व्या आठवड्यात तिला ताप आला, अंगदुखी झाली, पुरळ उठलं. १४व्या आणि २०व्या आठवड्याची सोनोग्राफी नॉर्मल होती. २०वा आठवडा म्हणजे आपल्या भाषेत पाचव्या महिन्याची अॅनॉमली स्कॅन. तिथे कोणीही ‘सगळं छान आहे’ असंच म्हटलं असतं, मीही. नंतर ती युरोपला परतली. २९व्या आठवड्यात पहिल्यांदा दोष दिसायला लागले आणि ३२व्या आठवड्यात डोकं स्पष्ट लहान होतं, मेंदूत चुन्याचे ठिपके होते. तिच्या विनंतीवरून, समित्यांच्या परवानगीने गर्भपात झाला आणि स्लोवेनियातल्या ल्युब्लियाना इथे शवविच्छेदन केलं गेलं. डोक्याचा घेर २६ सेंटीमीटर, मेंदूचं वजन फक्त ८४ ग्रॅम. त्या वयात ते याच्या दुपटीहून अधिक असायला हवं. मेंदूवर वळ्या जवळपास नव्हत्याच. झिकाचा विषाणू भरपूर सापडला तो मेंदूत. बाळाच्या बाकीच्या अवयवांत नाही. डेंग्यू, रुबेला, टॉक्सोप्लाझ्मा वगैरेंच्या तपासण्या निगेटिव्ह होत्या.

१३व्या आठवड्यातली लागण २०व्या आठवड्यात का दिसली नाही? कारण मूळ पेशी मरणं सोनोग्राफीत दिसत नाही. दिसतो तो परिणाम, म्हणजे न झालेली वाढ, आणि ती लक्षात यायला आठवडे जावे लागतात. म्हणून लागण निश्चित किंवा संशयित असेल तर दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा स्कॅन लागते. मी तेव्हा डोक्याचा घेर पोटाच्या घेराशी आणि मांडीच्या हाडाशी ताडून पाहते. सगळीच मापं मागे असली तर वार नीट पुरवठा करत नसेल, किंवा पाळीची तारीखच चुकलेली असेल, असं होतं. एकटं डोकं मागे पडत चाललं तर मला काळजी वाटते. मेंदूच्या आतल्या पोकळीची रुंदी १० मिलिमीटरच्या पुढे गेली का, तेही बघते. आणि शेवटची स्कॅन नीट आली तरी फाइल बंद करायची नाही. ब्राझीलमध्ये २०१६ साली अशी १३ बाळं नोंदली गेली ज्यांचं डोकं जन्मताना लहान नव्हतं, पण त्यांतल्या ११ जणांचं पुढच्या महिन्यांत मागे पडलं. अशा बाळाचा घेर बालरोगतज्ज्ञाने टेपने नियमित मोजायचा, डोळ्यांचा पडदा आणि ऐकू येणं तपासायचं.

आता औषधाची गोष्ट. ती फेब्रुवारी २०१६ मध्ये अर्जेंटिनातल्या डॉक्टरांच्या एका गटाच्या पत्रकातून पसरली आणि ब्राझीलच्या एका राज्याने त्या अळीनाशकाचा वापर थांबवलाही. पायरीप्रॉक्सिफेन हे ते औषध. पण लहान डोक्यांची बाळं जिथे सर्वांत आधी लक्षात आली त्या रेसिफे शहरात ते वापरलंच जात नव्हतं, आणि वर सांगितलेल्या बाळाच्या मेंदूत जो सापडला तो विषाणू होता. आपल्याकडे महापालिकेचा माणूस टाकीत किंवा ड्रममध्ये टाकतो ते औषध वेगळं, टेमेफॉस. लोक त्याला अबेट म्हणतात. पाणीकपातीच्या दिवसांत गॅलरीत भरून ठेवलेल्या ड्रमचं स्वच्छ पाणी झिका पसरवणाऱ्या एडिस डासाला गटारापेक्षा कितीतरी पसंत. त्या माणसाला दारातून परत पाठवणारी सोसायटी स्वतःच्याच गरोदर सुनांसाठी डास पोसत असते. औषध नकोच असेल तर आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून आतली कड घासा, अंडी तिथेच चिकटलेली असतात.

मेसेजमध्ये नवऱ्याचं नावही नाही. झिका वीर्यातून पसरतो आणि वीर्यात तो रक्तापेक्षा खूप जास्त दिवस राहतो, पुरुषाला कधीच ताप आला नसला तरी. साथ असलेल्या भागातून नवरा परत आला असेल तर बायको गरोदर असताना पूर्ण नऊ महिने निरोध वापरायचा. मूल हवं असेल तर पुरुषाने तीन महिने आणि बाईने दोन महिने थांबायचं, मग प्रयत्न करायचा.