टेलिग्रामवर ‘सगळं परत येतं’ याचं कौतुक करण्याआधी

टेलिग्राम वापरणाऱ्या कुणालाही विचारा, तुला त्यात काय आवडतं, तर बहुतेक जण हेच सांगतात की फोन बदलला तरी सगळं परत येतं. नवीन फोन, तेच सिम, नंबर टाकला, कोड आला, संपलं. एमपीएससीच्या ग्रुपमधले जुने पीडीएफ, मामेभावाने पाठवलेले लग्नाचे फोटो, स्वतःच स्वतःला Saved Messages मध्ये पाठवून ठेवलेलं आधार कार्ड, सगळं जागच्या जागी. बॅकअपची कटकट नाही. आणि मग तीच माणसं लगेच पुढे सांगतात की टेलिग्राम एकदम सिक्युअर आहे, पूर्ण एन्क्रिप्टेड, कंपनीसुद्धा वाचू शकत नाही. आता या दोन्ही गोष्टी एकाच चॅटबद्दल खऱ्या असू शकत नाहीत, आणि हे इतक्या लोकांना इतक्या वेळा तोंडी सांगून झालंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो.

जरा विचार करा. नवीन फोनमध्ये तुमचं काहीच नव्हतं. तुम्ही दिलंत काय, तर एक नंबर आणि एसएमएसने आलेला पाच आकडी कोड. तेवढ्यावर वर्षानुवर्षांचे मेसेज वाचता येतील अशा अवस्थेत समोर आले. म्हणजे मेसेज सर्व्हरवर होते हे तर झालंच, पण ते उघडायची किल्लीही तिकडेच होती, तुमच्याकडे नव्हती. आपण गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली ठेवून जातो ना, तसं आहे हे. काकू भल्या आहेत, त्या कपाट उघडणार नाहीत, पण उघडू शकत नाहीत असं नाही.

टेलिग्राम याला क्लाउड चॅट म्हणतं, आणि तुम्ही नेहमी जे चॅट करता, सगळे ग्रुप, सगळी चॅनेल, सगळे बॉट, Saved Messages, हे सगळं क्लाउडच. त्यातही एन्क्रिप्शन आहे, नाही असं नाही. तुमच्या फोनपासून सर्व्हरपर्यंत मेसेज कुलूपबंद जातो, त्यामुळे कॅफेच्या वायफायवर बसलेल्या कुणाला किंवा तुमच्या मोबाइल कंपनीला तो वाचता येत नाही. सर्व्हरवर तो साठवतानाही एन्क्रिप्ट करूनच ठेवतात. कंपनी असंही सांगते की त्या किल्ल्यांचे तुकडे वेगवेगळ्या देशांत ठेवलेत, त्यामुळे एका देशाच्या कोर्टाच्या ऑर्डरने काही होत नाही. असेल, खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण हा कंपनीने दिलेला शब्द झाला, आणि शब्द पाळायचा की नाही हे देणाऱ्याच्या हातात असतं.

टेलिग्राममध्येच सीक्रेट चॅट नावाचा दुसरा एक प्रकार आहे, त्यात मात्र शब्दावर विसंबायचं कारणच राहत नाही. तिथे किल्ली तुमच्या फोनवर आणि समोरच्याच्या फोनवर तयार होते. दोन्ही फोन आपापला एक गुप्त आकडा मनाशी धरतात, त्यावर गणित करून निघालेलं उत्तर तेवढं सर्व्हरमार्फत एकमेकांना पाठवतात, आणि आलेल्या उत्तरात आपला गुप्त आकडा मिसळून दोघंही स्वतंत्रपणे त्याच एका किल्लीवर पोचतात. सर्व्हरच्या हातून फक्त ती उत्तरं गेली, त्यावरून उलट जाऊन मूळ आकडा काढायचा तर आकडे २०४८ बिटचे आहेत, आजच्या कॉम्प्युटरला ते झेपत नाही. याचं नाव डिफी-हेलमन, १९७६ पासूनचं जुनं आणि घासूनपुसून तपासलेलं गणित. वर शंभर मेसेज झाले किंवा आठवडा उलटला की दोन्ही फोन गुपचूप नवी किल्ली करतात आणि जुनी टाकून देतात.

आता या एका फरकातून बाकीचे सगळे फरक कसे निघतात बघा, कारण लोकांना वाटतं सीक्रेट चॅटमध्ये एवढ्या अडचणी कंपनीने मुद्दाम ठेवल्यात. किल्ली त्या एका फोनवर आहे म्हणून ते चॅट दुसऱ्या फोनवर दिसत नाही. ऑफिसच्या विंडोजवरच्या टेलिग्राममध्ये ते उघडत नाही. अकाउंटमधून लॉग आउट केलंत की गेलं, फोन हरवला की गेलं, परत आणणारं कुणी नाही. सुरू करतानाही समोरचा ऑनलाइन यावा लागतो, तोपर्यंत स्क्रीनवर वाट बघतोय असंच दिसत राहतं, कारण त्याच्या फोनने आपला वाटा उचलल्याशिवाय किल्ली बनणारच नाही. तो माणूस नुसता विंडोजवरच टेलिग्राम वापरत असेल तर बसा वाट बघत.

पण एक सांगतो, यातलं सगळंच गणिताच्या माथी मारता येणार नाही. ग्रुपला सीक्रेट चॅट नाही हा टेलिग्रामचा स्वतःचा निर्णय आहे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये २०१६ पासून ग्रुपसकट सगळं चॅट एंड-टू-एंड आहे, म्हणजे किल्ली फक्त बोलणाऱ्यांकडेच, सर्व्हरकडे नाही, आणि २०२१ पासून एकाच अकाउंटला चार-पाच डिव्हाइस जोडली तरी प्रत्येकाची किल्ली वेगळी ठेवून ते चालतं. सिग्नल अ‍ॅपचंही तसंच. म्हणजे जमत नाही असं नाहीये, टेलिग्रामने सोय निवडली. दोन लाखांचे ग्रुप, नव्या मेंबरला जुने मेसेज दिसणं, कुठल्याही फोनवरून क्षणात सगळं सर्च होणं, हे सर्व्हरला मेसेज वाचता येतो म्हणूनच इतकं सहज होतं. मला ती निवड चूक वाटत नाही, मीही वापरतो. माझा राग आहे तो दोन्ही प्रकारांना सरसकट ‘एन्क्रिप्टेड’ म्हणून मोकळं होण्यावर.

बरं, कुणी म्हणेल की कंपनी वाचते का आमचे मेसेज, तिला काय पडलंय. बरोबर आहे, पण प्रश्न कंपनीपुरता नाहीच. तुम्हाला नुसत्या कोडवर सगळं परत मिळतं, तर तो कोड ज्याच्या हाती लागेल त्यालाही सगळं मिळतं. आणि हे खरोखर घडलेलं आहे, ब्राझीलमध्ये, २०१९ साली. तिथल्या ‘लावा जातो’ या गाजलेल्या भ्रष्टाचार तपासाचा मुख्य सरकारी वकील डेल्टन डालाग्नोल, आणि त्या खटल्यांचा न्यायाधीश सर्जिओ मोरो, जो तोवर कायदामंत्री झाला होता, यांच्यातले टेलिग्राम मेसेज जूनमध्ये द इंटरसेप्ट या न्यूज वेबसाइटने छापले. न्यायाधीश वकिलाला सल्ले देतोय असं त्यात दिसत होतं, देशभर वादळ उठलं.

जुलैमध्ये वॉल्टर डेलगाटी नावाचा माणूस पकडला गेला, आणि त्याने हे कसं केलं ते ऐकून सिक्युरिटीवाल्यांनी कपाळावर हात मारला. त्याने टेलिग्रामचं कुठलंही कुलूप तोडलं नाही. नव्या डिव्हाइसवर समोरच्याचा नंबर टाकून लॉगिन सुरू करायचं. कोड एसएमएसने न मागता फोन कॉलवर मागायचा, ती सोय टेलिग्राममध्ये होती. त्याच वेळी त्या माणसाच्या नंबरवर सतत कॉल करून लाइन बिझी ठेवायची, म्हणजे टेलिग्रामचा कोड सांगणारा कॉल व्हॉइसमेलमध्ये, न उचललेल्या कॉलचा निरोप जिथे रेकॉर्ड होतो तिथे, जाऊन पडतो. मग इंटरनेट कॉलिंगच्या सेवेतून कॉलर आयडी बदलून, जणू त्याच नंबरवरून आलोय असं भासवून व्हॉइसमेलला फोन लावायचा. तिथल्या मोबाइल कंपन्या स्वतःच्या नंबरवरून आलेल्या कॉलला पिन न विचारताच व्हॉइसमेल ऐकवत होत्या. कोड ऐकला, टाकला, आणि क्लाउडमधलं सगळं चॅट याच्या स्क्रीनवर. मोरोला तर जूनच्या सुरुवातीला स्वतःच्याच नंबरवरून फोन आला होता, त्यातच काहीतरी गडबड आहे हे त्याच्या लक्षात आलं.

यातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी की मोरोने टेलिग्राम वापरणं केव्हाच सोडलं होतं. तरी त्याचे मेसेज फुटले, कारण ते डालाग्नोलच्या अकाउंटमध्ये होते. साध्या चॅटमध्ये तुम्ही कितीही काळजी घ्या, त्याची एक अख्खी प्रत समोरच्याच्या अकाउंटच्या दारात आहे आणि ते दार किती मजबूत आहे ते तुमच्या हातात नाही. हेच बोलणं सीक्रेट चॅटमध्ये झालं असतं तर डेलगाटी लॉगिन करूनही रिकामी स्क्रीन बघत बसला असता, कारण त्या किल्ल्या दोन फोनांच्या बाहेर कधी गेल्याच नसत्या. आणि सीक्रेट चॅट नको होतं तर निदान कोडनंतर विचारला जाणारा Two-Step Verification चा पासवर्ड असता, तरी नुसत्या कोडने काम झालं नसतं.

आपल्याकडे व्हॉइसमेल फार कुणी वापरत नाही, पण सिम स्वॅप, म्हणजे तुमच्या नंबरचं दुसरं सिम स्वतःच्या नावावर काढून घेणं, आहे, आणि गोड बोलून ओटीपी काढून घेणारे तर गल्लोगल्ली आहेत, शेवट तोच.

सीक्रेट चॅट लावायचं तर समोरच्याच्या प्रोफाइलवर जा, तीन टिंबं दाबा, Start Secret Chat. चॅट लिस्टमध्ये नाव हिरवं आणि शेजारी कुलूप दिसलं की ते सीक्रेट, नाव साधं म्हणजे क्लाउड. त्याच माणसाशी जुनं साधं चॅट वेगळं तसंच राहतं, त्यामुळे घाईत चुकून त्यात टाइप करणारे खूप असतात, पाठवण्याआधी वर नजर टाकायची सवय लावा. मग प्रोफाइलमध्ये Encryption Key दाबा, एक चौकटीचौकटीचं चित्र आणि खाली अक्षरं-आकड्यांची रांग दिसेल. दोघांच्या फोनवर ते तंतोतंत सारखं हवं. हे कशाला, तर मधला सर्व्हरच बदमाश निघाला तर तो तुमच्याशी एक आणि समोरच्याशी दुसरी किल्ली करून मध्ये बसू शकतो, आणि तसं झालं तर चित्रं जुळणार नाहीत. हे प्रत्यक्ष भेटून बघा किंवा फोनवर वाचून दाखवा, त्याच चॅटमध्ये स्क्रीनशॉट पाठवून काही उपयोग नाही.

पण सीक्रेट चॅट म्हणजे अदृश्य होणं नव्हे. कोण कुणाशी कधी बोललं हे सर्व्हरला कळतंच. तुमचा नंबर आणि आयपी अ‍ॅड्रेस कंपनीकडे असतोच, आणि टेलिग्रामचा संस्थापक पावेल दुरोव याला ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला अटक झाल्यावर पुढच्याच महिन्यात टेलिग्रामने जाहीर केलं की कायदेशीर मागणी योग्य असेल तर या दोन गोष्टी देऊ. दिल्ली हायकोर्टाच्या आदेशावरून कोचिंग क्लासचं मटेरियल परवानगीशिवाय वाटणाऱ्या चॅनेलच्या अ‍ॅडमिनचे नंबर आणि आयपी तर त्यांनी २०२२ मध्येच दिले होते. आणि अँड्रॉइडवर स्क्रीनशॉट अडवला तरी दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढणाऱ्याला कोण अडवणार.

सगळं सीक्रेटमध्ये हलवा असं मी म्हणत नाहीये, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरची चर्चा क्लाउडमध्येच बरी. पासवर्ड, मेडिकल रिपोर्ट, घरच्या भानगडी, कागदपत्रांचे फोटो, एवढं तिकडे न्या आणि मेसेज आपोआप पुसणारा टायमर लावा. Settings मध्ये Devices उघडून ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर तिथूनच बाहेर काढा. टू-स्टेप पासवर्ड आजच लावा आणि रिकव्हरी ईमेल नक्की द्या, कारण ईमेल नसेल, दुसऱ्या कुठल्या डिव्हाइसवर लॉगिनही उरलं नसेल आणि नव्या फोनवर पासवर्ड आठवला नाही तर उरतो तो एकच पर्याय, अकाउंट रिसेट, आणि त्यात क्लाउडमधलं सगळं चॅट पुसलं जातं.