शिखराला √2 ने भागलं की झालं आरएमएस?

आरएमएसबद्दल असं सांगितलेलं ऐकू येतं: "एसी करंटची पूर्ण आवर्तनातली सरासरी शून्य येते, म्हणून अर्ध्या आवर्तनाची सरासरी घेतात. तोच आरएमएस. सूत्र लक्षात ठेवा: शिखरमूल्य भागिले √2. कुठल्याही एसीला चालतं."

सरासरी शून्य येते, एवढं बरोबर. पण त्यावर उपाय म्हणून अर्धं आवर्तन घेत नाहीत. हीटरची कॉइल तापते ती i²R मुळे, आणि वर्ग केल्यावर करंट उलटा वाहताना येणारं ऋण चिन्ह आपोआप जातं. म्हणून आधी वर्ग, मग पूर्ण आवर्तनावर त्याची सरासरी, शेवटी वर्गमूळ:

```
Irms² = (1/T) ∫₀ᵀ I₀² sin²(ωt) dt
sin²(ωt) = (1 − cos 2ωt)/2
Irms² = (I₀²/T) · [t/2 − sin(2ωt)/(4ω)]₀ᵀ
```

ωT = 2π असल्याने कंसातलं दुसरं पद दोन्ही टोकांना शून्य होतं. उरतं T/2, म्हणजे Irms = I₀/√2 = 0.707 I₀. अर्ध्या आवर्तनाची सरासरी मात्र 2I₀/π, म्हणजे 0.637 I₀ आहे. दोन्ही एकच असतील तर हे आकडे वेगळे का यावेत?

फरक किरकोळ वाटत असेल तर 230 व्होल्टचा 1000 वॅटचा हीटर घ्या. रोध 52.9 ओहम, करंटचं शिखर 6.15 अँपिअर. आरएमएस 4.35 अँपिअर धरला की I²R बरोबर 1000 वॅट देतं. सरासरीचे 3.91 अँपिअर धरले तर उत्तर येतं सुमारे 810 वॅट. पाणी तर 1000 वॅटनेच तापतंय!

'कुठल्याही एसीला चालतं' हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण इथे प्रत्यक्ष कामात चूक होते. √2 आला तो sin² च्या इंटिग्रलमधून. लाटेचा आकार बदलला की तो आकडाही बदलतो. त्याच हीटरला डिमरसारखं सर्किट लावा, जे प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा पहिला अर्धा भाग कापतं. आता करंट फक्त T/4 ते T/2 आणि 3T/4 ते T या काळात वाहतो. त्या दोन तुकड्यांवर sin² चं इंटिग्रल प्रत्येकी T/8, मिळून T/4. म्हणून Irms = I₀/2 = 3.07 अँपिअर, आणि उष्णता 500 वॅट. शिखर अजूनही 6.15 च आहे, त्यामुळे पाठ केलेलं सूत्र इथेही 4.35 च सांगत राहील.

साधा मल्टिमीटरही इथे फसतो. तो आतून लाटेचा ऋण भाग धन करून सरासरी मोजतो आणि तिला 1.11 ने गुणून 'आरएमएस' दाखवतो. हा गुणक फक्त शुद्ध साइन लाटेचा आहे. कापलेल्या लाटेची सरासरी I₀/π, म्हणून तो 2.17 अँपिअर दाखवेल, खऱ्यापेक्षा जवळजवळ 29 टक्के कमी. ज्या मीटरवर TRUE RMS छापलेलं असतं तो 3.07 च्या आसपास दाखवतो. दोन्ही मीटर एकाच वायरवर लावून पाहा. आकडे जुळले नाहीत तर लाट साइन नाही, हे तिथेच कळतं.