आईच्या घरातील रात्रीचे दिवे: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एकट्या बाईच्या घरात तुम्ही एवढी यंत्रे बसवलीत. वीज गेली किंवा इंटरनेट बंद पडले, तर त्या अंधारात काय करणार? त्यांना साधे बटण पुरे होते. शिवाय गोळ्यांची आठवणही यंत्राने करून द्यायची, म्हणजे त्यांचे स्वतःचे लक्ष सुटणारच.»

आपला पहिला आक्षेप मी नाकारत नाही, कारण सुरुवातीला माझी नेमकी हीच चूक झाली होती. मी न्हाणीघरात मोबाइलवरून चालणारा स्मार्ट बल्ब लावला. परंतु बाहेर पडताना भिंतीवरचे बटण बंद करण्याची आईची सवय पन्नास वर्षांची आहे, आणि बटण बंद झाले की असा बल्ब कोणत्याही आज्ञेला उत्तर देत नाही. दुसऱ्याच आठवड्यात पहाटे तीन वाजता गेलेली वीज परत आली, तेव्हा बटण चालू राहिलेला खोलीतला तसाच दुसरा बल्ब पूर्ण प्रकाशात पेटला आणि आई दचकून उठली. वीज आल्यावर बल्ब कोणत्या स्थितीत यावा हे ठरवण्याची सोय त्यात होती, पण ती मी तपासली नव्हती. दोन्ही बल्ब काढून टाकले.

आता अमरावतीच्या त्या घरात नेहमीच्या ट्यूबलाइट आणि त्यांची बटणे जशी होती तशीच आहेत. त्यांना यंत्रणेचा स्पर्शही नाही. पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत, जमिनीपासून साधारण एक फुटावर, हालचाल ओळखून लागणारे तीन छोटे दिवे आहेत. ते सेलवर चालतात, त्यामुळे त्यांना ना विजेची गरज आहे, ना इंटरनेटची. पहिला दिवा पलंगाखाली असा बसवला आहे की कुशीवर वळताना तो लागत नाही, पाय जमिनीवर टेकल्यावरच लागतो. प्रकाश पिवळसर आणि मंद ठेवला आहे, कारण झोपेतून उठलेल्या डोळ्यांवर पांढरा झोत पडला की परतताना वाट उलट अधिक अंधारी वाटते.

न्हाणीघरात मात्र असा दिवा मुद्दामच लावला नाही. हे सेन्सर हलणारी उष्णता टिपतात; माणूस स्थिर बसला की त्यांच्या लेखी खोली रिकामी होते आणि अर्ध्या मिनिटात दिवा विझतो. म्हणून तेथे अर्ध्या वॅटचा साधा झिरोचा दिवा रात्रभर चालू असतो. रात्रीचे दहा तास धरले, तर 200 रात्रींना मिळून 1 युनिट वीज लागते. एवढ्यासाठी यंत्रणा कशाला? वीज गेलीच, तर दाराबाहेरचा सेलचा दिवा उंबरठा दाखवतो. सेल संपत आल्याचे दिवा मंद होण्यावरून कळते, पण मी त्याची वाट पाहत नाही. पाडव्याला आणि दसऱ्याला ते बदलून टाकतो. ही मांडणी पक्की करण्यापूर्वी मी रात्री घराची मेन स्विच आणि राउटर दोन्ही बंद केले आणि आईला त्या वाटेने दोनदा जाऊन यायला सांगितले.

गोळ्यांच्या बाबतीत आपली शंका वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. ठरलेल्या वेळी «गोळी घ्या» असे सांगणाऱ्या यंत्राला ती आधीच घेतली आहे हे ठाऊक नसते, आणि भाबडेपणाने माणूस दुसऱ्यांदा घेऊ शकतो. म्हणून रात्रीच्या डब्याच्या झाकणाला दार उघडल्याचे ओळखणारा लोहचुंबकी सेन्सर लावला. साडेआठपर्यंत डबा उघडला असेल, तर यंत्र गप्प राहते. म्हणजे आईचे लक्ष असते त्या दिवशी ते बोलतच नाही. उघडला नसेल, तरच माझ्या आवाजात «आई, रात्रीचा डबा अजून उघडलेला नाही» एवढे वाक्य ऐकू येते, वीस मिनिटांनी पुन्हा एकदा, आणि त्यानंतर मला संदेश येतो. डबा उघडला म्हणजे गोळी पोटात गेली असे मात्र नव्हे. ते पाहायला रविवारी डब्यातील कप्पे मोजावेच लागतात.

पलंगाशेजारी एक मोठे लाल बटण आहे. ते दाबले की त्या दिवसाची आठवण बंद होते आणि तसे मला कळते. संकष्टीला चंद्रोदयानंतर जेवण होते आणि जेवणानंतरची गोळी साहजिकच उशिरा घेतली जाते, तेव्हा आई ते न विसरता दाबते. मी दुरून ती आठवण पुन्हा चालू करू शकत नाही. ही अट तिचीच होती.

एका बाबतीत आपले «साधे बटण» जिंकले आहे. मे महिन्यात खोलीचे तापमान शरीराच्या जवळ पोहोचले की उष्णतेतला फरकच उरत नाही, सेन्सर आंधळे होतात, आणि कूलरच्या आवाजात माझे वाक्यही ऐकू येत नाही. त्या दिवसांत खोलीतही झिरोचा दिवा रात्रभर असतो, आणि साडेआठला मी फोन करतो.