रिपेंट असेल तर रिपेंट म्हणून विका

जुन्या डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या खेळण्यातल्या गाड्यांच्या बाजारात सध्या जे चाललंय ते बघून संताप येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. साठ वर्षांपूर्वीची गाडी, रंग आरशासारखा, चाकं कोरी, सोबत कडक खोका, आणि वर्णनात "मिंट, ओरिजिनल". किंमत त्याच हिशेबाने. नवे लोक भराभर पैसे टाकतात. नंतर हीच किंमत "गेल्या महिन्यात एवढ्याला गेली" म्हणून पुढच्या विक्रीत दाखवली जाते. म्हणजे फसवणूक एका गाडीपुरती राहत नाही, सगळ्या बाजाराचा भाव बिघडतो.

आधी एक स्पष्ट करतो. गाडी रंगवणं हा गुन्हा नाही. संग्राहकांच्या भाषेत कारखान्यातून जशी आली तशी गाडी म्हणजे कोड १, कंपनीच्या परवानगीने बदल झालेली कोड २, आणि कुणीही आपल्या मनाने बदल केलेली कोड ३. कोड ३ बनवणाऱ्यांत फार चांगले कारागीर आहेत आणि त्यांचं काम मी आवडीने बघतो. राग आहे तो कोड ३ ला कोड १ म्हणून खपवणाऱ्यांवर.

ठाण्याच्या एका तरुण मित्राने मागच्या आठवड्यात फोटो पाठवले. मॅचबॉक्सची पाच नंबरची लंडन बस. "दादा, घेऊ का?" मॅचबॉक्स गाड्या बनवणाऱ्या लंडनच्या लेझ्नी कंपनीने ही लाल डबलडेकर वेगवेगळ्या साच्यांत बरीच वर्षं काढली. त्याला दाखवलेली बस 1961 सालच्या साच्याची होती, म्हणजे 1965 चा पुढचा साचा येण्याआधीची. या बसच्या बाजूला जाहिरातीचं डेकल, म्हणजे चिकटवलेलं छापील चित्र असतं. व्हिस्को-स्टॅटिक इंजिन ऑइलचं डेकल सहज सापडतं. पेअरड्रॅक्स या पेअरच्या पेयाचं मात्र क्वचितच दिसतं आणि त्याचे पैसे कितीतरी जास्त. मित्राला आलेली बस अर्थातच पेअरड्रॅक्सवाली, राखाडी चाकांची, खोक्यासकट.

मी त्याला म्हटलं, समोरून काढलेले फोटो बाजूला ठेव. बस उलटी करून, एक्सलच्या टोकांजवळून, खिडक्यांच्या कडांपासून आणि डेकलच्या काठाचे फोटो माग. विकणाऱ्याने दोन दिवस टाळलं, मग पाठवले.

रंगापासून सुरुवात केली. कारखान्यातला रंग पातळ असतो. खिडक्यांच्या कडा, दारांच्या रेषा, उठावाची अक्षरं त्यात धारदार राहतात. नंतर मारलेला रंग बहुतेक वेळा जाड बसतो आणि रेषांच्या खाचा भरून टाकतो. या बसच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या, लोणी फासल्यासारख्या. दुसरी खूण आतल्या कोपऱ्यात सापडते. जुना रंग काढायला गाडी रसायनात बुडवतात, मग जस्ताच्या मिश्रधातूवर करडी-पांढरी राख उरते. बाहेरून घासून निघते, आतल्या सांध्यात अडकून बसते. तिथेच ती दिसली. आणि मुळात जिच्याशी मुलं खेळली असतील त्या बसच्या कडांना थोडे तरी टवके गेलेले असतात. चाकांवर वापराच्या खुणा आणि कडेवर एकही टवका नाही, हे जुळत नाही.

मग चाकं. लेझ्नीची सुरुवातीची चाकं धातूची, मग राखाडी प्लास्टिकची, नंतर काळी. एकाच गाडीत चाकांच्या रंगावरून किंमत बरीच बदलते, म्हणूनच चाकं बदलायचा उद्योग चालतो. पण चाक बदलायचं तर एक्सलचं टोक कापावं किंवा घासावं लागतं, आणि तिथेच चोरी पकडली जाते. पन्नाशीच्या दशकातल्या गाड्यांची एक्सल टोकाशी चिमटून चपटी केलेली असायची, पुढे गोल डोक्याची आली. 1961 च्या बसला दोन्ही टोकं गोल हवीत. या बसला एका बाजूला गोल डोकं होतं, दुसऱ्या बाजूला पकडीने दाबल्याचे दात उमटलेले आणि धातू नवा कोरा चकाकणारा. साठ वर्षांची पोलादी एक्सल काळवंडते, निदान मंद तरी होते. याशिवाय चाकांच्या काठावरच्या बारीक दात्यांची संख्या चारही चाकांवर सारखी आहे का तेही मोजायचं. इथे तीन चाकांवर दात्यांची संख्या सारखी होती आणि एकावर वेगळी.

इथे एक सवलत द्यायला हवी. डिंकी या दुसऱ्या इंग्लिश ब्रँडच्या जुन्या गाड्यांचे रबरी टायर कडक होतात, तडकतात. ते बदलले तर कुणी फारसं बोट ठेवत नाही, सांगितलं म्हणजे झालं. पण चाकाची धातूची वाटी बदलणं हे सरळ मूळ भाग बदलणं आहे. ते न सांगणारा माणूस लपवूच बघत असतो.

डेकलकडे भिंगातून बघितलं तर काम सोपं झालं. जुनं डेकल पाण्यात भिजवून लावलेलं असतं, रंग एकसंध, कडेची पातळ झिल्ली पिवळसर झालेली. या डेकलमध्ये अक्षरांच्या कडेला रंगीत ठिपके दिसत होते. म्हणजे कुणीतरी स्कॅन करून प्रिंटरवर काढलंय.

खोक्याचंही तेच. त्या काळचे मॅचबॉक्सचे खोके सपाट रंगांत छापलेले असत, ठिपके नसत. ठिपक्यांचं जाळं दिसलं की तो स्कॅन समजायचा. अंधारात अतिनील किरणांच्या जांभळ्या टॉर्चखाली धरलं तर आजचा बहुतेक पांढरा कागद निळसर उजळतो, जुना पुठ्ठा सहसा मळकटच दिसतो. सहसा म्हणतोय, कारण त्या काळीही काही कागदांत उजळणारी द्रव्यं होती, म्हणून फक्त टॉर्चवर निकाल देऊ नका. घडीची रेघ बघा, जुन्या पुठ्ठ्याची घडी तंतुमय होते. काही प्रामाणिक लोक नकली खोके बनवून आतल्या झापेवर "रिप्रॉडक्शन" छापतात. ती झाप कापलेली दिसली तर का कापली ते विचारा. या खोक्याची झाप नेमकी कापलेली होती.

म्हणजे बस खरी, रंग नवा, चाकं दुसरी, डेकल प्रिंटरवरचं, खोका नकली. हे सगळं सांगून, रंगवलेली गाडी म्हणून चार पैशांना विकली असती तर मीच म्हटलं असतं घे, शोकेसमध्ये छान दिसेल. मित्राने विकणाऱ्याला हे मुद्दे कळवले. उत्तर आलं, "मला असंच मिळालं होतं." असेलही. पण मग वर्णनातला "ओरिजिनल" शब्द का काढला नाही? दोन दिवसांनी तेच फोटो तसेच, तीच किंमत.

उलट्या दिशेचा एक इशाराही द्यायला हवा, कारण हल्ली काही लोक प्रत्येक ओबडधोबड गाडीला नकली ठरवतात. साठच्या दशकाच्या अखेरीपासून कलकत्त्यात डिंकीचे जुने साचे वापरून निकी टॉइज निघत होत्या. त्यांचं फिनिश इंग्लिश डिंकीपेक्षा कच्चं आहे, काहींच्या तळावर डिंकीचं नाव घालवलेलं दिसतं. ते कारखान्यातूनच तसं आलंय. निकीला "खराब रिपेंट" म्हणून कुणी भाव पाडत असेल तर ऐकू नका.

चोरबाजारात गाडी हातात घेता येते, फोटोंवर तसं होत नाही. म्हणून विकणाऱ्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: रंग मूळ आहे का, चाकं-एक्सल बदललेत का, डेकल मूळ आहे का, खोका त्याच काळातला आहे का. रिबिट असलेल्या गाडीच्या तळाचा जवळून फोटो मागा. रिबिटचं डोकं ड्रिलने उडवून आत स्क्रू किंवा गोंद घातलेला असेल तर गाडी उघडली गेलीय. आणि टवके उडालेली पण मूळ रंगाची गाडी चकाचक रिपेंटपेक्षा जास्त किमतीची धरा. माझ्या कपाटात अशाच गाड्या आहेत.

त्या बसचे फोटो मी विकणाऱ्याचं नाव झाकून खाली कमेंटमध्ये टाकतोय. एक्सलच्या टोकांचा फोटो मोठा करून बघा.