हाडं दुखतात म्हणून चुना? आधी कॅल्शियम मोजा

"हाडं दुखतात म्हणजे कॅल्शियम कमी. गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून रोज घ्या. रिपोर्टमध्ये 'रूलो' आलं तर रक्त घट्ट झालंय, लिंबू पिळून भरपूर पाणी प्या. प्रोटीन जास्त आलं तर चांगलंच, अंगात ताकद आहे. दुखणं फार असेल तर गोळी घ्या, किडनीला काही होत नाही."

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर हा मेसेज तीनदा फिरला, तेव्हा मी गप्प बसले. पण सुदामानगरातल्या माझ्या मावशीने तो वाचून महिनाभर चुना खाल्ला. आता गप्प बसवत नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, तिच्या रक्ताची काच मीच पाहिली.

चार महिने कंबर दुखत होती. मग पोट साफ होईना, सारखी तहान लागे, रात्री चार-पाच वेळा उठावं लागे, आणि एक दिवस तिने काकांना दोनदा विचारलं, "आज वार कोणता?" काका म्हणाले, "अगं, वय झालं आता."

काच रंगवून उजेडात धरली तर नेहमीपेक्षा निळसर दिसली. मायक्रोस्कोपखाली लाल पेशी एकीवर एक, रुपयांच्या चळतीसारख्या. हेच ते रूलो. लाल पेशींवर ऋण भार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर ठेवतात. रक्तात ठरावीक प्रथिनं फार झाली की तो दुरावा टिकत नाही. काचेच्या जाड भागात चळती कुणाच्याही दिसतात, जंतुसंसर्गातही दिसतात, त्यामुळे पातळ भागात बघायचं. मावशीच्या काचेवर तिथेही त्याच होत्या. ईएसआर 118, म्हणजे फारच जास्त, आणि हिमोग्लोबिन 8.6, म्हणजे कमी.

आता ती 'ताकद'. एकूण प्रोटीन 10.2, त्यात अल्ब्युमिन फक्त 3.0. म्हणजे ग्लोब्युलिन 7.2, साधारण असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त. रक्तातली प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या आलेखात गॅमा भागात एकच उंच, टोकदार सुळका आला. हाडांच्या मज्जेतल्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचं एकच कूळ बेसुमार वाढून एकाच साच्याचं निकामी प्रथिन ओततं, त्याचा हा सुळका. या कॅन्सरचं नाव मायलोमा. ताकद कसली!

चुन्यावर मात्र थांबायलाच हवं. मावशीचं कॅल्शियम 11.4 आलं, म्हणजे कमी नव्हे, जास्तच. अल्ब्युमिन कमी असताना हा आकडा फसवतो, म्हणून अल्ब्युमिन 4 पेक्षा जितकं कमी, त्याला 0.8 ने गुणून ते मिळवायचं. तिचं खरं कॅल्शियम झालं 12.2. हे दह्यातून आलेलं नव्हतं, तिच्या हाडांतूनच आलेलं होतं. मायलोमाच्या पेशी हाड खाणाऱ्या पेशींना चिथावतात आणि हाड बांधणाऱ्यांना दाबून ठेवतात. म्हणून एक्स-रेत कवटीत गोल भोकं आणि कमरेचा पहिला मणका चेपलेला दिसला, तरी अल्कलाइन फॉस्फटेज नॉर्मल. हाड पुन्हा बांधायचं कामच बंद पडलेलं.

वाढलेलं कॅल्शियम किडनीला पाणी धरून ठेवू देत नाही. लघवी वाढते, अंग कोरडं पडतं. त्याच वेळी त्या प्रथिनाचे सुटे तुकडे, म्हणजे लाइट चेन, किडनीच्या नळ्यांत उतरत असतात. नळीतलं पाणी कमी झालं की ते तिथल्या प्रथिनाशी घट्ट होऊन बुचासारखे बसतात. अशा शरीरात वरून चुना! आणि त्यावर आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी, जी किडनीकडे जाणारं रक्तच कमी करते. तिने दोन्ही घेतलं. किडनी किती काम करते ते सांगणारं क्रिएटिनिन 2.3 आलं, म्हणजे वाढलेलं.

लघवीच्या पट्टीवर प्रोटीन जेमतेम दिसत होतं, यानेही गाफील राहायला होतं. पट्टी अल्ब्युमिन ओळखते, लाइट चेन नाही. त्याच लघवीत सल्फोसॅलिसिलिक आम्ल टाकलं तर ती दुधासारखी पांढरी झाली.

आंतरराष्ट्रीय मायलोमा गटाचे 2014 चे निकष डॉक्टर वापरतात. मज्जेत अशा पेशी किमान 10 टक्के, आणि सोबत कॅल्शियम 11 च्या वर, क्रिएटिनिन 2 च्या वर, हिमोग्लोबिन 10 च्या खाली किंवा हाडात भोक, यांपैकी एखादं. मावशीच्या मज्जेत 38 टक्के होत्या आणि सोबतच्या चारही गोष्टी.

उतारवयात, विशेषतः बायकांमध्ये, हाडं दुखण्यामागे ड जीवनसत्त्व कमी असणं खरंच वारंवार सापडतं, हे नाइलाजाने कबूल. पण ते मोजता येतं, चुन्याने ओळखता येत नाही. पाण्याचंही बरोबर आहे, कारण वेगळं. रक्त 'पातळ' करायला नव्हे, नळ्या वाहत्या ठेवायला. मावशीला सलाइन लावलं, गोळी बंद झाली, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू झालं. पाचव्या दिवशी कॅल्शियम 9.8. वार तिने स्वतःच सांगितला, आणि काकांच्या पानाच्या डब्यातली चुन्याची डबी कुठे गेली ते मात्र सांगत नाही.